बातमी खाली कोणी ढकलली, संपादकाने की अल्गोरिदमने?

प्रश्न: मी एका न्यूज साइटच्या डेस्कवर आहे, दीड वर्ष झालं. मेहनत घेऊन केलेली बातमी दोन-तीन तासात होमपेजवर इतकी खाली जाते की दिसतच नाही. संपादक म्हणतात अल्गोरिदमने नेली. टेकवाले म्हणतात तुमच्याच लोकांनी दिलेल्या स्कोअरवर सगळं चालतं. नक्की ठरवतं कोण? आणि डेस्कवरचा माणूस यात काही करू शकतो का?

उत्तर:

दोघंही खरं बोलतायत आणि दोघंही अर्धंच बोलतायत. मी वीसेक वर्षं डेस्कवर काढली, त्यातली शेवटची बरीचशी होमपेजवर, आणि हे भांडण इतक्यांदा ऐकलंय की आता ते सुरू झालं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, बातमी नेमकी कुठल्या गेटवर अडकली ते दाखवा. निम्म्या वेळा कोणालाच दाखवता येत नाही. खरी अडचण तिथे आहे. निर्णय माणसाने घेतला का मशीनने हे नंतर बघू, आधी तो कधी झाला आणि कुठे झाला याची नोंदच कोणाकडे नसते, म्हणून मग प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता तुमच्याकडची सिस्टीम कशी आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. काही ठिकाणी होमपेज पूर्ण हातानेच लावतात, मशीन फक्त आकडे दाखवतं. काही ठिकाणी प्रत्येक वाचकाला वेगळं पान दिसतं. आणि बऱ्याच ठिकाणी मधला प्रकार असतो, म्हणजे वरचे दोन-तीन स्लॉट, म्हणजे पानावरच्या जागा, माणूस लावतो आणि खालचं पान स्कोअरवर आपोआप लागतं. तुमचे टेकवाले "स्कोअर" म्हणाले म्हणजे तुमच्याकडे हा मधलाच प्रकार असणार असं धरून पुढचं लिहितोय.

आधी थोडं मागचं, कारण त्याचा उपयोग आहे. "गेटकीपर" हा शब्द कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा, आणि गंमत म्हणजे तो आला जेवणाच्या अभ्यासातून. घरात ताटात काय येतं हे कोण ठरवतं, वस्तू कुठल्या वाटेने स्वयंपाकघरात येते आणि वाटेत तिला कोण अडवतं, हे तो बघत होता. मग डेव्हिड मॅनिंग व्हाइटने ही कल्पना बातमीला लावली. 1949 च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन पेपरातल्या तार-संपादकाला त्याने एक आठवडा एक काम दिलं, वृत्तसंस्थांकडून आलेली जी कॉपी तू टाकून देतोस तिच्यावर कारण लिहून ठेव. आलेल्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा छापला गेला, बाकी सगळा टोपलीत. कारणं काय, तर "जागा नाही" ही बरीच, आणि मधूनच "हा प्रचार आहे" किंवा मला असलं आवडत नाही, अशा थाटाची. 1950 साली अभ्यास छापून आला आणि सगळ्यांनी लक्षात ठेवलं ते हेच, की बघा एका माणसाच्या मर्जीवर वाचकाचं जग ठरतं. पण 1956 मध्ये वॉल्टर गीबरने 16 तार-संपादकांचं काम पाहिलं आणि त्याला दिसलं जरा वेगळं. माणसाच्या मर्जीपेक्षा कामाचा रेटाच जास्त ठरवत होता, म्हणजे तार कधी आली, पान कधी सोडायचं, जागा किती उरली. बहुतेक जण येईल ते लावत होते.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाला व्हाइटपेक्षा गीबर जास्त जवळचा आहे. होमपेजवर बातमी पडते तेव्हा कोणीतरी ती नाकारलेली असते असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा एखादं खानं कोणी भरलेलं नसतं, नाहीतर कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी ठरवलेला आकडा तसाच चालू असतो.

आता अर्ध-स्वयंचलित पान कसं चालतं ते बघू. स्वीडनच्या स्वेन्स्का डागब्लाडेट या पेपरने केलेली अशी रचना आमच्या धंद्यात बरीच बोलली गेली. तिथे संपादक प्रत्येक बातमीला दोन गोष्टी देतात, बातमीचं महत्त्व आणि तिचं आयुष्य, म्हणजे ही बातमी किती वेळ ताजी राहणार. पुढचं मशीन बघतं. आमच्याकडेही साधारण त्याच धर्तीवर होतं, फक्त त्यात वाचकांच्या क्लिकचा एक गुणक जोडलेला होता. खऱ्या सिस्टीममध्ये बाकी पण खूप गोष्टी असतात, पण गाभा एवढाच:

```
rank = news_value * 0.5^(age / half_life) * click_ratio
```

`news_value` म्हणजे संपादकाने दिलेला 1 ते 5 स्कोअर. `age` म्हणजे बातमी चढवून किती तास झाले. `half_life` म्हणजे किती तासांनी बातमीचं वजन निम्मं व्हावं, आणि हे त्या "आयुष्य" खान्यातून येतं. `click_ratio` म्हणजे अपेक्षेच्या तुलनेत क्लिक किती आले, आणि तो आमच्याकडे 0.5 च्या खाली किंवा 1.5 च्या वर जाऊ द्यायचा नाही असं बांधलेलं होतं. एवढ्या एका ओळीत तीन गेट आहेत बघा. पहिल्यावर संपादक उभा आहे, दुसऱ्यावरही संपादकच आहे पण त्याला ते माहीत नसतं, आणि तिसऱ्यावर वाचक आहे असं सगळे म्हणतात, पण तिथे नक्की कोण आहे ते पुढे सांगतो.

एक केस सांगतो, आमच्याकडची. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, झालं ते असंच. आमच्या एका रिपोर्टरने रुग्णालयांच्या आगप्रतिबंधक व्यवस्थेची कागदपत्रं काढून मोठी बातमी केली होती. दुपारी 2 ला चढली. डेस्कने स्कोअर दिला 4. वरचे स्लॉट भरलेले होते, म्हणून नवीन बातमी जिथे आपोआप शिरते त्या 14 नंबरच्या स्लॉटला ती शिरली. साडेचारला एका सेलिब्रिटीच्या लग्नाची बातमी आली, स्कोअर 2, पण मनोरंजनवाल्यांनी ती अर्धा तास 3 नंबरला पिन केली, म्हणजे मशीनला हलवता येऊ नये अशी हाताने अडकवली. 5 वाजता पिन सुटला तरी लग्न वरच राहिलं आणि रुग्णालयांची बातमी पार तळाला, तिसाव्या स्लॉटच्याही खाली. रिपोर्टर तापलेला, आणि संपादकांनी त्याला तेच सांगितलं जे तुम्हाला सांगितलं गेलं, अल्गोरिदम रे बाबा.

मग आम्ही बसून हिशोब काढला.

रुग्णालयांच्या बातमीला 5 वाजता 3 तास झाले होते. सीएमएसमध्ये, म्हणजे बातमी चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आयुष्याचं खानं कोणी हात न लावलेलं, त्यामुळं डिफॉल्ट 2 तास पकडलेलं. म्हणजे 4 चं वजन 3 तासांत उतरून 1.41 झालं. आता क्लिक. 14 नंबरच्या स्लॉटला ती साधारण 20,000 वेळा दिसली आणि 120 क्लिक आले, म्हणजे 0.6 टक्के. सिस्टीम हे ताडून बघत होती पूर्ण पानाच्या सरासरीशी, जी होती 2 टक्के. 0.6 भागिले 2 म्हणजे 0.3, खालची मर्यादा 0.5 म्हणून 0.5 धरलं. 1.41 गुणिले 0.5, झालं 0.71.

लग्नाच्या बातमीला अर्धाच तास झालेला, त्यामुळं तिचा 2 उतरून 1.68 वर. 3 नंबरला क्लिक 6 टक्के. सरासरीच्या तिप्पट, पण मर्यादा 1.5. म्हणजे 2.52. आता 0.71 आणि 2.52 समोरासमोर ठेवले तर मशीनने काय करायला हवं होतं? जे केलं तेच. गणित बरोबरच होतं.

चूक कुठे होती ते बघा. पहिली चूक आयुष्याच्या खान्यात. कागदपत्रांवरची बातमी दोन तासांत शिळी होत नाही, तिला 12 तास द्यायला हवे होते. 12 तास दिले असते तर 3 तासांनंतरही तिचं वजन 3.36 राहिलं असतं. दुसरी चूक क्लिकच्या तुलनेत. 14 नंबरच्या स्लॉटला कुठलीही बातमी लावा, आमच्याकडे तिथे सरासरी 0.5 टक्केच क्लिक यायचे, कारण निम्मे लोक तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत. म्हणजे 0.6 हा वाईट आकडा नव्हता, त्या जागेच्या मानाने तो चांगला होता, गुणक 1.2 यायला हवा होता.

आणि आता मला आवडलेला भाग. नुसतं आयुष्य दुरुस्त केलं असतं आणि क्लिकची तुलना तशीच चुकीची ठेवली असती तर हिशोब आला असता 1.68. नुसती क्लिकची तुलना दुरुस्त केली असती आणि आयुष्य 2 तासच ठेवलं असतं तर 1.70. दोन्ही वेळा 2.52 च्या खालीच, म्हणजे लग्न वरच. दोन्ही दुरुस्त केल्यावर मात्र 4.03. संपादक म्हणत होते मशीनचा दोष, टेकवाले म्हणत होते डेस्कचा दोष, आणि कोणीही एकानेच आपली बाजू सुधारली असती तरी बातमी खालीच राहिली असती, आणि मग दुसऱ्याला म्हणायला मोकळे की बघा आम्ही केलं तरी काही फरक नाही पडला. तुमच्याकडेही असंच अडकलं असण्याची शक्यता मला दाट वाटते.

लग्नाच्या बातमीवर राग काढू नका हं. 3 नंबरच्या स्लॉटची आमची सरासरी 4 टक्के होती, तिला 6 आले, म्हणजे जागेचा हिशोब धरूनही तिचा गुणक 1.5 च आला. लोकांना ती खरंच वाचायची होती. डेस्कवरच्या बऱ्याच लोकांना (मीही त्यातलाच होतो) वाटतं की हिशोब नीट केला की हलक्या बातम्या आपोआप खाली जातील. तसं काही होत नाही.

आता तिसऱ्या गेटवर कोण उभा आहे ते. म्हणायला वाचक, पण वाचकाने क्लिक करायच्या आधी ती बातमी त्याला दिसायला हवी, आणि ती कुठे दिसणार हे पिन करणाऱ्याने नाहीतर डिफॉल्ट स्लॉटने आधीच ठरवलेलं असतं. माणसाने वर लावली म्हणून क्लिक आले, क्लिक आले म्हणून मशीनने वर ठेवली, मशीनने वर ठेवली म्हणून संध्याकाळच्या मीटिंगमध्ये संपादक म्हणाले बघा लोकांना हेच हवंय, आणि दुसऱ्या दिवशी तसल्याच बातमीला स्कोअर 3 मिळाला. दोघंही एकमेकांच्या उत्तराची नक्कल करतायत आणि दोघांनाही वाटतंय वाचकाने सांगितलं. जागेमुळे येणारा हा फरक काढून टाकल्याशिवाय क्लिकच्या आकड्यावर बोलण्यात अर्थच नाही.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे, आकडा किती लवकर वाचायचा. समजा 14 नंबरला बातमी फक्त 500 वेळा दिसली. 0.5 टक्क्याने अपेक्षित क्लिक अडीच. प्रत्यक्षात 1 येऊ शकतो, 5 येऊ शकतात, निव्वळ योगायोगाने. पण सिस्टीमने तिथेच गुणक काढला तर एकाला 0.4 आणि दुसऱ्याला 2 येईल, मर्यादा लावून 0.5 आणि 1.5, आणि पहिली बातमी खाली गेली की तिला दिसायची संधीच कमी, त्यामुळं चूक सुधारायला आकडेच जमा होत नाहीत. बातमी लवकर पडते आणि मग वर येतच नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं. आम्ही नियम केला होता की अपेक्षित क्लिक किमान 30-40 होईपर्यंत गुणक 1 च धरायचा, म्हणजे 14 नंबरला 6 ते 8 हजार वेळा दिसेपर्यंत. शिवाय थोड्या वाचकांना ती बातमी मुद्दाम वरच्या जागेवर दाखवायची, जेणेकरून तिथे ती कशी चालते ते कळेल. टेकवाल्यांना हे नवीन नसतं, हेडिंगच्या टेस्टिंगमध्ये, म्हणजे एकाच बातमीची दोन-तीन हेडिंगं वेगवेगळ्या वाचकांना दाखवून बघतात तेव्हा, ते असंच करतात, वॉशिंग्टन पोस्टने 2016 मध्ये अशी एक सिस्टीम बनवली होती जी जास्त चालणाऱ्या मथळ्याकडे आपोआप जास्त वाचक वळवायची. फक्त होमपेजच्या क्रमाबाबत हे त्यांना कोणी मागितलेलं नसतं.

हेडिंग टेस्टिंगचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगतो, तिथे नुसते क्लिक मोजू नका, वाचक आत किती वेळ थांबला तेही बघा. आमचं एक हेडिंग जोरात जिंकलं होतं आणि लोक आत येऊन काही सेकंदात परत जात होते, कारण हेडिंगमध्ये जे म्हटलं होतं ते बातमीत सहाव्या पॅऱ्यात आणि तेही अर्धवट होतं.

मग तुम्ही काय करायचं. तीन गोष्टी मागा, आणि एकाच बातमीच्या मागा, सगळ्या धोरणावर चर्चा सुरू करू नका, ती कुठेच जात नाही. एक, त्या बातमीची सीएमएसमधली हिस्टरी, म्हणजे स्कोअर कोणी, किती वाजता दिला, आयुष्याचं खानं कोणी भरलं की डिफॉल्ट राहिलं. दोन, स्लॉटचा लॉग, कुठल्या मिनिटाला बातमी कितव्या जागेवर होती. तीन, प्रत्येक जागेवर ती किती वेळा दिसली आणि किती क्लिक आले. मग त्याच जागेची, दिवसाच्या त्याच वेळेची सरासरी घ्या आणि तिच्याशी ताडून बघा. सकाळच्या आकड्याशी रात्रीचा ताडू नका, मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे काढा, मोबाइलवर 14 नंबर म्हणजे फार खाली.

वाचायचं कसं ते सांगतो. बातमीला त्या जागेच्या सरासरीएवढे किंवा जास्त क्लिक आहेत आणि तरी ती पडली, तर स्कोअर किंवा आयुष्य बघा, तिथे माणसाचा हात आहे नाहीतर रिकामं खानं आहे. क्लिक जागेच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आहेत आणि पुरेशा लोकांना ती दिसली होती, तर बातमी किंवा तिचं हेडिंग चाललं नाही, हे पचवायला जड जातं पण असतं तसं. आणि बातमी पुरेशा लोकांना दिसलीच नव्हती, तर दोघांपैकी कोणालाच काही बोलायचा अधिकार नाही. मग वीस मिनिटं तिला वरच्या स्लॉटला लावून बघा म्हणावं, वाद तिथे मिटतो. प्रत्येक वाचकाला वेगळं पान दिसत असेल तर हे सगळं अवघड होतं, कारण "कितवी जागा" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. तेव्हा विचारायचं ते असं, किती टक्के वाचकांना ही बातमी पहिल्या दहात दिसली.

आता पिनबद्दल, कारण हे वाचून कोणालाही वाटेल की महत्त्वाच्या बातम्या सरळ पिन करा आणि मोकळे व्हा. मी तेच करायचो. एका शनिवारी वादळाच्या इशाऱ्याची बातमी मी स्वतः 1 नंबरला पिन केली आणि घरी गेलो. इशारा रात्रीत मागे घेतला गेला, त्याची वेगळी बातमीही आमच्याच साइटवर लागली, पण खाली, कारण वर माझा पिन. रविवारी दुपारपर्यंत आम्ही लोकांना नसलेल्या वादळाची भीती घालत होतो. मशीनवर सोडली असती तर ती बातमी पहाटेच उतरली असती. तेव्हापासून आमच्याकडे पिनला वेळ टाकल्याशिवाय सेव्हच होत नाही, जास्तीत जास्त 2 तास, पुढे हवा असेल तर परत कोणीतरी माणसाने उठून लावायचा, आणि सोबत एक ओळ, का लावला. ती कारणाची ओळ सुरुवातीला सगळ्यांना कटकट वाटली. महिन्याभराने आम्ही त्या ओळी एकत्र वाचल्या तर निम्म्याहून जास्त ठिकाणी लिहिलं होतं "महत्त्वाची". व्हाइटचा तार-संपादक "जागा नाही" लिहायचा, तसंच हे.

होमपेजच्या बाहेर मात्र हा सगळा हिशोब चालत नाही, तिथे स्कोअरचं खानं तुमच्या हातात नाही. पण तिथेही "मशीनने केलं" हे पूर्ण खरं नसतं. 2017 मध्ये फेसबुकने आपल्या फीडच्या हिशोबात इमोजी रिअ‍ॅक्शनला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, रागावलेल्या चेहऱ्यालाही तेवढंच, आणि 2020 मध्ये त्या रागावलेल्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं. हे कंपनीतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं. पाच काय आणि शून्य काय, आकडा कोणीतरी माणसाने बसून टाकलेला होता. त्याला तुम्ही संपादन म्हणा की नका म्हणू, पण आमच्या 1 ते 5 स्कोअरपेक्षा तो फार वेगळा नाही, फक्त टाकणारा न्यूजरूममध्ये बसत नव्हता.

दुसरा प्रकार नियमाच्या गेटचा. 2016 मध्ये नॉर्वेच्या आफ्टनपोस्टेन या पेपरच्या फेसबुक पेजवरून 1972 चा व्हिएतनाम युद्धातला तो प्रसिद्ध फोटो, नापामच्या हल्ल्यातून विवस्त्र पळणाऱ्या मुलीचा, फेसबुकने काढून टाकला. नग्नतेचा नियम. तिथल्या मुख्य संपादकाने पहिल्या पानावर झुकरबर्गला उघड पत्र लिहिलं, गदारोळ झाला आणि फोटो परत आला. तिथे क्रमाचा प्रश्नच नव्हता, नियमाने सरळ बंदी घातली होती. तुमची बातमी बाहेर कुठेच दिसत नसेल तर आधी हे दोन वेगळे करा, ती खाली गेलीय की अडवली गेलीय. खाली गेली तर थोडे तरी लोक येत राहतात. अडवली गेली तर आकडा एकदम तुटतो, शून्याच्या आसपास जातो आणि तिथेच राहतो.

कधीकधी तर निव्वळ तांत्रिक असतं. गुगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे गुगल मोबाइलवर आपणहून दाखवतं त्या फीडमध्ये, मोठा फोटो दिसायला फोटो किमान 1200 पिक्सेल रुंद लागतो आणि पानावर मोठ्या प्रिव्ह्यूची परवानगी लागते:

```
<meta name="robots" content="max-image-preview:large">
```

हे नसेल तर बारीक चौकोनी फोटो जातो आणि क्लिक पडतात. आम्ही एकदा आठवडाभर "डिस्कव्हरचा अल्गोरिदम बदलला" म्हणून डोकं धरून बसलो होतो, शेवटी निघालं की आमच्याच टेम्प्लेटमधून ती ओळ उडाली होती.

आणखी एक गेट आहे, ते कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. त्या रुग्णालयांच्या बातमीनंतर दोन-तीन महिन्यांनी मी त्या रिपोर्टरला विचारलं, कागदपत्रांवरचं काही नवीन चाललंय का? तर म्हणाला, सर, कशाला, चालत नाही ते आपल्याकडे. त्याने बातमी सुचवलीच नव्हती. मीटिंगमध्ये ती आली नाही, म्हणून कोणी नाकारली नाही, म्हणून कुठे नोंद नाही. एका चुकीच्या भागाकाराने, 0.6 ला 2 ने भागण्याने, एका माणसाने दोन-तीन महिने काय करायचं नाही ते ठरवलं. म्हणून मी त्याला आमचा हिशोब कागदावर काढून दाखवला, 0.71 कसा आला आणि 4.03 कसा यायला हवा होता. बातमी चालली नव्हती असं नाही, ती दिसली नव्हती, हे त्याला आकड्यात दाखवणं गरजेचं होतं, नुसतं "छान केली होतीस" म्हणून तो परत कामाला लागला नसता.

तुमच्या संपादकांशी बोलताना सुरुवात आयुष्याच्या खान्यापासून करा, क्लिकपासून नको. ते डेस्कच्या हातात आहे, त्याला टेकवाल्यांची परवानगी लागत नाही, आणि उद्यापासून बदलता येतं. आधी एवढंच बघा की गेल्या आठवड्यातल्या किती बातम्यांना डिफॉल्ट राहिलंय. आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांनाच होतं. आम्ही तीनच पर्याय ठेवले, 2 तास, 12 तास आणि 2 दिवस, आणि एक निवडल्याशिवाय बातमी चढतच नाही असं केलं. त्याहून जास्त पर्याय दिले की लोक परत पहिल्यावरच टिक मारतात. क्लिकच्या तुलनेचा मुद्दा त्यानंतर टेकवाल्यांकडे न्या, वरच्यासारखी एकच केस घेऊन, आणि डेस्कने आपली चूक आधी दुरुस्त केलीय हे दाखवून. त्याने बोलणं पुष्कळ सोपं होतं.

आणि स्लॉटचा लॉगच तुमच्याकडे नसेल, तसं बऱ्याच ठिकाणी नसतो, तर एक दिवस दर पंधरा मिनिटांनी होमपेजचा मोबाइलवरून पूर्ण स्क्रीनशॉट काढून ठेवा, लॉगिन न करता, सकाळी 8 ते रात्री 10. साधारण 57 फोटो होतात. कंटाळवाणं काम आहे, कोणा ट्रेनीला लावू नका, स्वतः करा, कारण चौथ्या-पाचव्या फोटोपासूनच कुठली बातमी का हलली याचा अंदाज यायला लागतो आणि तो अंदाज दुसऱ्याच्या एक्सेलमधून येत नाही.